दादीचा तख्त आणि नवा सोफा

घराची वाटणी झाली तेव्हा भावांनी भांडी घेतली, मला दादीचा सागवानी तख्त आला. तो अम्मीनेच सुचवला होता. अम्मी आता आमच्याकडे राहायला येणार होती आणि पाहुण्यासारखी सोफ्याच्या कडेला बसलेली अम्मी मला नको होती. पण हॉलमध्ये आधीच राखाडी सोफा आणि पांढरं टीव्ही युनिट. तख्त आला आणि खोली जुन्या सामानाचं दुकान वाटायला लागली.

पहिला सल्ला मिळाला तो घासून नवं पॉलिश मारण्याचा. शेजारच्या सुतारचाचांनी तख्ताच्या खालच्या बाजूला स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस जरा वेळ चोळला. पृष्ठभाग चिकट झाला, कापसाला तपकिरी रंग लागला. म्हणजे हे चपडीचं, लाखेचं पॉलिश. आजकालचं पीयू पॉलिश स्पिरिटला असं सुटत नाही. चपडीवर चपडीचाच पातळ हात चढतो, जुन्या थरात मिसळून जातो. म्हणून घासायची गरजच नव्हती. मळ पुसून चाचांनी दोन हात दिले. वर्षानुवर्षांचा मधाळ रंग तसाच राहिला. घासला असता तर आतून फिकट लाकूड निघालं असतं. चपडीला एक पथ्य मात्र आहे: गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं. चहासाठी वेगळं स्टूल ठेवलंय.

खोली विजोड दिसण्याचं खरं कारण मात्र रंग नव्हताच, उंची होती. तख्त सतरा इंच, त्यावर जाड गादी पाच इंच, म्हणजे बावीस. सोफ्याची बैठक सोळा. शेजारी बसलेली दोन माणसं वेगवेगळ्या पायरीवर बसल्यासारखी दिसायची. तख्ताचे पाय कापा, असंही एकाने सुचवलं. (असे सल्ले देणाऱ्यांच्या घरी स्वतःचं जुनं काही नसतं.) त्याऐवजी दोन इंचांची कापसाची गादी घातली, तख्त एकोणीसवर आला. सोफ्याचे चार इंची पाय स्क्रूचे होते. ते काढून सहा इंची लावले, बैठक अठरा. उरलेला एक इंच डोळ्याला कळत नाही.

आता टीपॉय घ्यायचा होता. दुकानदार सागासारखं दिसणारं लॅमिनेट दाखवत होता. ते मी घेतलं नाही. जवळपास सारखा रंग खऱ्या लाकडाशेजारी नकली दिसतो, आणि मुद्दाम वेगळा रंग खटकत नाही. टीव्ही युनिटसारखाच पांढरा, बिनचमक टीपॉय घेतला. मग हिरव्या खादीचा एकच तागा आणून तख्ताची चादर आणि सोफ्याच्या उशांचे अभ्रे शिवले. दोन्हीकडे तोच कापड दिसतो, म्हणून नजर एकीकडून दुसरीकडे सहज सरकते.

अम्मी दुपारी तख्तावर तांदूळ निवडते. परवा शेजारीण आली, तिला अम्मीने सोफ्यावर बसवलं आणि स्वतः तख्तावर मांडी घालून बसली.