कार्ड नसलेलं मूल

डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण दिसला की निम्मे पालक सुटकेचा श्वास सोडतात. त्यांना मला सांगावं लागतं की हा व्रण फक्त बीसीजीचीच साक्ष देतो. पेंटा मिळाली का, गोवराची लस मिळाली का, हे तो सांगत नाही. उलट, व्रण नसला म्हणजे बीसीजी दिलीच नव्हती असंही नाही, कारण काही मुलांच्या दंडावर तो उमटतच नाही.

देवळ्यात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना कार्ड नसलेली मुलं दोन वाटांनी येतात. कांदा काढणीला किंवा वीटभट्टीवर सुरगाणा-पेठकडून आलेल्या कुटुंबांची मुलं ही एक वाट. त्यांची नोंद बहुधा असते, फक्त ती गावी राहिलेली असते. आईचा मोबाईल नंबर यू-विनवर टाकून पाहायचा, नाहीतर तिकडच्या आशाताईंना फोन लावायचा. रजिस्टरमध्ये नाव सापडतं. दत्तक आलेल्या मुलाच्या बाबतीत ही वाट बंद असते. त्याच्या जन्मदात्यांची ओळख कायद्याने गुप्त असते आणि ती तशीच राहिली पाहिजे. संस्थेच्या फाइलमध्ये जे आहे तेवढंच हातात येतं, आणि संस्थेत येण्याआधीचे महिने कोरे असतात.

उमराण्याकडच्या एका जोडप्याने अशी मुलगी घरी आणली. वय साधारण साडेतीन वर्षं, तेही दात आणि उंची पाहून ठरवलेलं. फाइलमध्ये गोवर-रुबेलाचा एक डोस आणि पोलिओचा एक डोस, दोन्ही चार महिन्यांपूर्वीचे. दंडावर व्रण होता. बाकी काही नाही. सोबत आलेल्या आजींनी विचारलं, "डॉक्टर, आधी टोचलं असेल तर परत कशाला? रक्त तपासून कळत नाही का?"

प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर लसीगणिक बदलतं, हीच त्यातली अडचण. डांग्याखोकल्यापासून संरक्षण आहे की नाही, हे सांगणारी भरवशाची रक्ततपासणीच नाही. पोलिओची तपासणी ठरावीक प्रयोगशाळांतच होते, आमच्यासारख्या ठिकाणी तिचा उपयोग नाही. गोवराच्या अँटिबॉडी मोजता येतात, पण मी मोजत नाही. त्या आधीपासून असल्या तर लसीतला दुबळा विषाणू त्या निकामी करतात आणि जादा डोसने मुलाचं काही बिघडत नाही. नसल्या तर डोस हवाच. म्हणजे अहवाल काहीही आला तरी मी उद्या तेच करणार. २०२२च्या अखेरीस शेजारच्या मालेगावात गोवराची साथ आली, तेव्हापासून तर अहवालाची वाट पाहत गोवराची लस लांबवणं मला मुळीच पटत नाही.

म्हणून माझा नियम साधा आहे. लेखी, तारखेसह नोंद असेल तर ती मानायची आणि पुढचे डोस द्यायचे. मध्ये कितीही खंड पडला असला तरी मालिका पहिल्यापासून सुरू करायची नाही. नोंद नसेल तर डोस मिळालाच नाही असं धरायचं. तोंडी आठवण मी मोजत नाही. लेखी कागदही डोळे उघडे ठेवून वाचतो: सगळे डोस एकाच शाईत आणि एकाच हाताने लिहिलेले असतील, किंवा दोन डोसांत चार आठवडेही नसतील, तर तो कागद भरवशाचा नाही.

एक रक्ततपासणी मात्र मी टाळत नाही, ती हेपॅटायटिस बीची. ती संरक्षण आहे का हे पाहायला नसते, मुलाला आईकडून संसर्ग तर आला नाही ना हे पाहायला असते. तिचा क्रम महत्त्वाचा. ही लस त्या विषाणूच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनापासूनच बनते आणि तपासणीही नेमकं तेच प्रथिन शोधते. लस टोचल्यावर दोन-अडीच आठवड्यांत रक्त घेतलं तर निरोगी मूलही पॉझिटिव्ह दिसू शकतं, आणि घरात विनाकारण हाहाकार उडतो. म्हणून आधी रक्त, मग सुई. या मुलीचा अहवाल निगेटिव्ह आला आणि हेपॅटायटिस बीचे तिन्ही डोस नव्याने ठरले.

त्या दिवशी तिला गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, पोलिओ आणि मांडीत ट्रिपलचा पहिला डोस दिला. वर्षाच्या आत पेंटा सुरू झाल्याची नोंद नसेल, तर सरकारी वेळापत्रकात मोठ्या मुलाला ट्रिपलच देतात: महिन्याच्या अंतराने तीन डोस, मग सहा महिन्यांनी बूस्टर. संध्याकाळी आईने फोनवर फोटो पाठवला. नितंबापासून गुडघ्यापर्यंत मांडी लाल आणि टरटरून सुजलेली. ताप नव्हता, मुलगी जेवली होती. पू होणारी सूज काही दिवसांनी येते, रोज वाढते आणि सोबत ताप आणते. ही तर काही तासांतच आली होती. पॅरासिटामॉल आणि गार पाण्याची पट्टी एवढंच सांगितलं. सूज ओसरली.

रक्तात धनुर्वाताच्या अँटिबॉडी आधीच भरपूर असल्या की टोचलेल्या जागी लस आणि अँटिबॉडी यांची गाठ पडून अशी सूज येते. जादा डोसाने खरा त्रास होतो तो बहुधा याच लसीत. पण ट्रिपलने एरवीही थोडीफार सूज येते, म्हणून नुसत्या सुजेवरून निर्णय घ्यायचा नव्हता. महिन्याने, दुसऱ्या डोसाआधी, धनुर्वात आणि घटसर्प दोन्हींच्या अँटिबॉडी तपासायला रक्त पाठवलं.

या तपासणीचं बळ एका गोष्टीत आहे. धनुर्वात होऊन गेला तरी शरीराला त्याची प्रतिकारशक्ती येत नाही. आईकडून मिळालेल्या अँटिबॉडी पहिल्या वर्ष-दीड वर्षात संपतात. म्हणजे साडेतीन वर्षांच्या मुलात त्या असल्या तर त्या लसीच्याच. त्यातही आयुष्यातल्या पहिल्याच डोसानंतर त्या फार वाढत नाहीत. एका डोसाने एकदम उसळल्या तर शरीराला आधीचे डोस आठवत आहेत. फसगत एकाच ठिकाणी होते. आपल्याकडे गुडघा खरचटला तरी धनुर्वाताचं इंजेक्शन देतात आणि ते कुठेच लिहून ठेवत नाहीत. म्हणून जोडीला घटसर्पाची तपासणी हवी.

संरक्षणाची पातळी ०.१ एकक धरतात. तिच्या दोन्ही अँटिबॉडी त्याच्या कितीतरी वर होत्या. अर्थ सरळ होता: तान्हेपणी कुणीतरी तिला लसीकरणाला नेलं होतं, एकदा नव्हे, अनेकदा. डांग्याखोकल्याची लस याच सुईत असते, तेव्हा तीही पोहोचली असं मी धरलं. ट्रिपलचे उरलेले दोन डोस रद्द केले, दिलेला डोस पहिला बूस्टर म्हणून लिहिला आणि पाच वर्षांचा बूस्टर कायम ठेवला. पोलिओ आणि हेपॅटायटिस बीचे डोस मात्र पूर्ण केले, कारण त्यांच्या जादा डोसाने काही बिघडत नाही.

सगळ्याच मुलांची ही तपासणी मी का करत नाही, असं आईने नंतर विचारलं. रक्त आमच्याकडून बाहेर पाठवावं लागतं, खर्च येतो, अहवालाला वेळ लागतो, आणि मजुरीला आलेलं कुटुंब तोवर पुढच्या गावाला गेलेलं असतं. समोर आलेल्या मुलाला त्याच दिवशी टोचणं हेच तिथे योग्य.

दत्तक मूल घरी आणणाऱ्यांना माझी विनंती आहे. संस्थेची अख्खी फाइल घेऊन पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि हेपॅटायटिस बीचं रक्त लसीआधी द्या. ट्रिपलनंतर मांडी सुजली तर फोटो काढून त्याच दिवशी दाखवा. नवं कार्ड बनवून घ्या आणि प्रत्येक डोस तारखेसह त्यावर लिहून घ्या, जखमेवर दिलेलं धनुर्वाताचं इंजेक्शनसुद्धा.