साईट चालू, मालक गायब

दुकानाला कुलूप, फोन बंद, आणि मी बनवलेली वेबसाईट मात्र ऑर्डरी घेतेय. याचा राग अजून जात नाही.

काम पुण्यातल्याच एका फर्निचरवाल्याचं. ठरले 1,60,000 रुपये. त्यातले 60,000 आगाऊ मिळाले होते. साईट सुरू झाल्यावर त्याची ईमेल आली, ‘साईट मस्त झालीय, बाकीचे या आठवड्यात टाकतो.’ त्यानंतर तो दिसलाच नाही. पासवर्ड माझ्याकडे होता, तेव्हा साईट बंद पाडावी असं फार वाटलं. वकीलबाई म्हणाल्या, ‘असलं काही करू नका, उद्या तोच तुमच्याकडे नुकसानभरपाई मागेल.’

पंधरा दिवसांत पैसे द्या, अशी नोटीस पोस्टाने पोचपावतीसह पाठवली. पाकीट परत आलं. शेरा होता, ‘सोडून गेले’. मला वाटलं, पाठवली म्हणजे झालं. पण तसं नसतं. बरोबर पत्त्यावर गेलेलं पाकीट समोरच्याने नाकारलं, तर नोटीस बजावली गेली असं कोर्ट सहसा धरतं. माणूस तिथे राहतच नसेल, तर तसं धरता येत नाही. पुढे कोर्टाचा बेलिफही समन्स घेऊन त्याच कुलपाशी जाऊन परत आला असता.

मग पत्ता सापडला तो साईटवरच! ‘संपर्क’ पानावर साहेबांनी स्वतः नवा पत्ता टाकला होता. पान कसं बदलायचं, हे त्यांना मीच शिकवलं होतं. त्या पानाची प्रिंट काढली. पण नुसती प्रिंट पुराव्याला चालत नाही. 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातल्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते, शिवाय एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. ईमेलसाठीही तेच. एवढ्या एका कागदात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला.

नव्या पत्त्यावर दुसरी नोटीस पाठवली, ती पोचली. उत्तर आलं नाही. मग दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 37 खाली संक्षिप्त दावा टाकला. सहीचं कोटेशन आणि बिल होतं म्हणूनच तो मार्ग मिळाला. तोंडी व्यवहार असता, तर साधा दावा आणि वर्षानुवर्षं तारखा. म्हणून सांगतो, ओळखीतलं गिऱ्हाईक असलं तरी सही घ्याच. या दाव्यात समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. तो आला नाही. हुकूमनामा माझ्या बाजूने झाला.

पैसे तरीही आले नाहीत. त्यासाठी वेगळी दरखास्त. आगाऊ रक्कम ज्या खात्यातून आली होती, ते जप्त करायचा अर्ज दिला, तेव्हा कुठे फोन आला, ‘अहो, एवढं काय, घरचीच माणसं आपण!’ वकीलबाई म्हणत होत्या व्याज सोडू नका. मीही तेच ठरवून बसलो होतो. मुद्दल खात्यात पडलं आणि मी तडजोडीवर सही केली.