पाचवीची संध्याकाळ

आमच्या घरी दिवाणखान्याच्या कपाटात रक्तदाब मोजण्याचे यंत्र गेली अकरा वर्षे आहे. यजमानांना रक्तदाबाचा जुना विकार. रोज सकाळी चहापूर्वी ते दंडाला पट्टा गुंडाळतात आणि आकडा एका वहीत लिहून ठेवतात. हे सांगण्याचे कारण असे की ज्या दिवशी त्या यंत्राची खरी गरज होती, त्या दिवशी ते कपाटातच राहिले. वाचकहो, तुमच्याही घरी असे यंत्र असेल, आणि कदाचित एखादी बाळंतीणही असेल, म्हणून तो दिवस तपशिलाने सांगते.

लेक पहिलटकरीण, माहेरी आली होती. शेवटच्या पंधरवड्यात तिचा रक्तदाब थोडा वर सरकला होता, पायांवर सूज होती. पण ‘पहिलटकरणीला सूज असतेच’ असे म्हणून मीच तो विषय मिटवला. प्रसूती सुखरूप झाली. तिसऱ्या दिवशी रुग्णालयातून घरी सोडले तेव्हा रक्तदाब १३६/८६ होता. पुन्हा केव्हा मोजायचा, हे कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. बाळ झाले, वार पडली, आता कसला रक्तदाब, अशी माझी समजूत होती.

पाचव्या दिवशी सकाळपासून तिचे डोके दुखत होते. मी सुंठ उगाळून कपाळाला लेप दिला, कानावर रुमाल बांधला. दुपारी ती म्हणाली, छातीच्या खाली उजवीकडे कळ येते. डिंकाचा लाडू पचला नसेल, असे ठरवून मी ओवा दिला. प्रत्येक तक्रारीला माझ्याकडे उत्तर तयार होते. संध्याकाळी पाचवीची पूजा मांडली, समई लावली, तेव्हा ती डोळे चोळत म्हणाली, “आई, समई अर्धीच दिसते गं. मधेमधे काजवे चमकतात.” जागरणाने असे होते, असे मी म्हणाले. पुढच्या पाच-दहा मिनिटांत तिची नजर एका जागी खिळली, तोंडाचा कोपरा थरथरला, सगळे अंग लाकडासारखे ताठ झाले आणि मग हातपाय झटकू लागले. ओठ निळे पडले.

घरात एकच गोंधळ उडाला. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी दातांत घालायला चमचा आणला. शेजारी राहणाऱ्या निवृत्त परिचारिकाबाई धावत आल्या. त्यांनी चमचा बाजूला फेकला, समई आणि पाट दूर सारले, लेकीला डाव्या कुशीवर वळवले आणि तोंडातला फेस-रक्त बाहेर वाहू दिले. तोंडात काहीही घालायचे नाही, पाणीसुद्धा नाही, आणि हातपाय दाबून धरायचे नाहीत, असे त्यांनी बजावले. मिनिटभरात झटके थांबले. १०८ क्रमांकाची गाडी येईपर्यंत त्या तिच्या श्वासाकडे पाहत बसल्या होत्या. रुग्णालयात मोजला तेव्हा रक्तदाब १७२/११४ होता.

त्या रात्री एक विचार मला छळत होता. यजमानांचा वरचा आकडा कित्येकदा एकशे सत्तरवर गेलेला त्या वहीत नोंदलेला आहे. त्यांना कधी झटके आले नाहीत. मग हिलाच का? दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्यांनी खुर्ची ओढून घेत शांतपणे समजावले.

मेंदूच्या रक्तवाहिन्या स्वतःचा पहारा स्वतःच करतात. दाब वाढला की त्या आकसतात आणि आतल्या नाजूक केशवाहिन्यांपर्यंत रक्ताचा लोंढा जाऊ देत नाहीत. ज्यांचा दाब वर्षानुवर्षे वाढलेला असतो, त्यांच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होऊन वरच्या दाबाला सरावतात. (यजमानांनी हे ऐकून सुटकेचा श्वास टाकला, पण त्या सरावाची किंमत पुढे हृदयाला, मूत्रपिंडाला आणि मेंदूलाही मोजावी लागते, असे डॉक्टरांनी लगेच सुनावले.) तरुण मुलीच्या रक्तवाहिन्यांना असा सराव नसतो. त्यातून या आजारात वारेतून रक्तात उतरणारे काही पदार्थ रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर सैल करतात. दाब झपाट्याने चढला की पहारा मोडतो, सैल अस्तरातून पाणी मेंदूत झिरपते आणि तिथे सूज येते. अशा सुजेने मेंदूच्या पेशी चाळवल्या की झटके येतात. यालाच एक्लॅम्पसिया म्हणतात. अस्तर बिघडलेले असल्यामुळे काही जणींना याहून कमी दाबातही झटके येतात.

ही सूज बहुधा मेंदूच्या मागच्या भागात अधिक येते, कारण तिथल्या वाहिन्यांना आकसण्याचा हुकूम देणारे मज्जातंतू विरळ असतात. आणि दृष्टीचे केंद्र नेमके तिथेच आहे. अर्धी समई आणि काजवे यांचा अर्थ मला तेव्हा कळला. उजवीकडची कळ यकृताची होती.

आणि वार पडल्यावरही हे का व्हावे? तर अस्तर सावरायला दिवस लागतात. शिवाय गरोदरपणात अंगात साठलेले पाणी प्रसूतीनंतर रक्तात परत येते. त्यामुळे साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवसात दाब सर्वाधिक चढतो. आम्ही तिला घरी आणले ते नेमक्या याच दिवसांत. प्रसूतीनंतरचे झटके बहुतेक पहिल्या दोन दिवसांत येतात, तरी सहा आठवड्यांपर्यंत धोका राहतो.

तिला मॅग्नेशियम सल्फेट दिले गेले. औषध जुने आणि स्वस्त. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, जिच्यात भारतातील रुग्णालयेही होती, इतर प्रचलित औषधांपेक्षा याने पुन्हा झटके येण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी होते, असे दिसले. मात्र ते दाब उतरवण्यासाठी नसते. त्यासाठी वेगळी औषधे दिली. मॅग्नेशियमची मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावतो, म्हणून परिचारिका वरचेवर गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाय उडतो का पाहत, श्वास मोजत, लघवीचे माप घेत. पाय उडेनासा झाला की औषध थांबवायचे, आणि उतारा म्हणून कॅल्शियमचे इंजेक्शन तयार असे. शेवटच्या झटक्यानंतर चोवीस तास औषध चालू होते. तिसऱ्या दिवशी तिला बाळाचा चेहरा पूर्ण दिसला. अशी सूज वेळीच उपचार झाले तर बहुधा ओसरते. उशीर झाला तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

माझी एक मावशी नवव्या दिवशी अशाच झटक्यांनी गेली. सटवाईचा कोप, असे घरात म्हणत आणि पुढे कोणी बोलत नसे. मी तेव्हा सात वर्षांची होते.

डॉक्टरांनी जाताना दोन गोष्टी सांगितल्या. दाब १४०/९० किंवा त्याहून अधिक निघाला तर त्याच दिवशी कळवायचे. १६०/११० दिसला, किंवा आकडा काहीही असो, तीव्र डोकेदुखी, दृष्टीत बदल वा बरगडीखाली कळ असली तर थेट रुग्णालय गाठायचे. दुसरी गोष्ट पुढच्या गरोदरपणाची: बाराव्या आठवड्याच्या सुमारास डॉक्टरांना भेटून ॲस्पिरिनची लहान मात्रा सुरू करण्याविषयी विचारायचे. त्या माझ्याकडेही वळून म्हणाल्या, “बाई, तुमच्या ओळखीत कोणाला बाळंतपणात असे झटके आले असतील, तर त्यांनी साठीतही ते आपल्या डॉक्टरांना सांगावे. अशा स्त्रियांना पुढे रक्तदाबाचा आणि पक्षाघाताचा धोका इतरांहून अधिक असतो.”

यजमानांच्या वहीत त्यांच्या आकड्यांशेजारी नवा रकाना आखला गेला. सहा आठवडे सकाळ-संध्याकाळ लेकीचा दाब मोजला; तिसऱ्या आठवड्यात गोळी निम्मी झाली, सहाव्यात बंद. शेवटची नोंद ११८/७६ अशी आहे. यजमानांच्या हस्ताक्षरात, त्याखाली दोन रेघा.