फंड मोडायचा की कर्ज काढायचं?



चातुर्मास सुरू होतो त्याच सुमारास कॉलेजांच्या प्रवेशयाद्या लागतात आणि घरोघरी फीचा विषय निघतो. २०२५ मध्ये तो आमच्या धाकट्या जावेच्या घरी निघाला. पुतणीला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. फी, होस्टेल, मेस सगळं धरून वर्षाला १ लाख ७५ हजार, म्हणजे चार वर्षांचे ७ लाख. भावजींचं कापडाचं दुकान आहे. दुकानदाराला पेन्शन नाही की ग्रॅच्युइटी नाही. म्हातारपणासाठी म्हणून आहे ते पीपीएफचं खातं. २०१५ साली उघडलेलं, दर एप्रिलला १ लाख भरायचा नेम कधी न चुकवलेलं. मार्च २०२५ अखेर शिल्लक १५ लाखांच्या थोडी वर.

भावजी म्हणाले, "वहिनी, आपल्या घरात कुणी बँकेचं कर्ज काढलं नाही. फंडात पैसे पडलेत, ते पोरीसाठी नाही वापरायचे तर कुणासाठी?" जाऊबाई तेव्हा गप्प राहिली. नंतर भाजी निवडताना हळूच म्हणाली, "ताई, साठीनंतर दर महिन्याला लेकी-जावयाच्या तोंडाकडे बघायची वेळ येऊ नये, एवढंच वाटतं." दोघांचंही खरं होतं. मग मी वही घेतली. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं झाली, पण व्याजाचं गणित काही विसरले नाही.

पहिला प्रश्न, फंडातून किती काढता येतात? भावजींचा समज होता की शिल्लक रकमेच्या निम्मे, म्हणजे साडेसात लाख. तसं नसतं. मागच्या वर्षअखेरची शिल्लक आणि चार वर्षांपूर्वीच्या वर्षअखेरची शिल्लक, या दोन्हींतली जी कमी असेल तिच्या निम्मे मिळतात, आणि तेही वर्षातून एकदाच. ३१ मार्च २०२२ ची त्यांची शिल्लक होती साडेनऊ लाख. म्हणजे हाती येणार पावणेपाच लाखच. दरवर्षीची फी दरवर्षी काढायची तर तेवढ्यात भागत होतं.

कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, "शिक्षणाच्या कारणासाठी खातंच बंद करता येतं." येतं खरं. पण मग खातं उघडल्या दिवसापासूनचं व्याज एक टक्का कमी दराने मोजतात. दहा वर्षांच्या व्याजावर अशी कात्री लावून घ्यायची काही गरज नव्हती.

दुसरा प्रश्न, काढले तर पुढे काय? पीपीएफची १५ वर्षं खातं उघडलेलं वर्ष सोडून मोजतात, त्यामुळे हे खातं मार्च २०३१ अखेर पूर्ण होईल. भावजी तेव्हा साठ वर्षांचे असतील. एप्रिल २०२० पासून व्याजदर ७.१ टक्के आहे, तोच पुढे राहील असं मी धरलं. हात न लावता दरवर्षी १ लाख भरत राहिले तर २०३१ मध्ये साधारण साडेतीस लाख होतात. चार वर्षं पावणेदोन-पावणेदोन लाख काढले तर होतात २१ लाख. काढले सात, पण कमी पडले साडेनऊ, कारण त्या सात लाखांचं व्याजही गेलं. फंड तसाच ठेवून नुसत्या व्याजावर घर चालवायचं म्हटलं तर महिन्याला १८ हजारांऐवजी सुमारे साडेबारा हजार. साठीनंतर औषधपाण्याला किती लागतात ते आपल्या वयाच्या बायकांना सांगायला नको.

आता कर्जाची बाजू. शैक्षणिक कर्जाचा दर मी १० टक्के धरला. साडेसात लाखांपर्यंत बहुतेक सरकारी बँका काही गहाण मागत नाहीत, आईवडील सहकर्जदार म्हणून सही करतात. पैसे वर्षावर्षाला थेट कॉलेजला जातात. शिक्षणाची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज मात्र लागत असतं. त्या काळात ते साधं व्याज असतं. पाच वर्षांचं मिळून २ लाख ४५ हजार झालं.

म्हणजे टक्क्यांपुरतं पाहिलं तर भावजींचं बरोबर होतं. ७.१ टक्के मिळवणारे पैसे ठेवून १० टक्क्यांनी उसने घेणं हा आतबट्ट्याचा व्यवहार. मी तसं त्यांना सांगितलंही. पण एक गोष्ट टक्क्यांत दिसत नाही. पीपीएफमध्ये वर्षाला जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात. भावजी १ लाख भरतातच, म्हणजे जागा उरली ५० हजारांची. काढलेले ७ लाख परत भरायचे तर १४ वर्षं लागतील. भावजी तोवर सत्तरीच्या घरात. कर्जाचं तसं नाही. पुढे गरज पडली तर फंडातून कर्ज फेडता येतं, पण मोडलेला फंड पुन्हा पूर्वीसारखा भरून काढता येत नाही. माझ्या मते निर्णय इथेच होतो.

पुतणीला वेळेवर नोकरी लागली नाही तर? हा भावजींचा प्रश्न रास्त होता, कारण सहकर्जदार म्हणून हप्ता त्यांच्याकडेच येणार. पण तेव्हा फंड शाबूत असेल. त्यातून गरजेपुरते काढून कर्ज कमी करता येईल. बदलत्या दराच्या कर्जाला मुदतीआधी फेडीचा दंडही बँक लावत नाही. उलट फंड आधीच मोडला असेल तर हाताशी काहीच उरत नाही.

शेवटी घरात ठरलं ते असं. कर्ज पुतणीच्या नावावर काढायचं आणि शिक्षण चालू असतानाचं व्याज भावजींनी दर महिन्याला भरायचं. पहिल्या वर्षी ते महिना १,४५८ रुपये, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट, चौथ्या-पाचव्या वर्षी ५,८३३. दुकानातून तेवढं निघतं. याचा फायदा असा की पुतणीच्या डोक्यावर ७ लाखच राहतील आणि सात वर्षांत फेडायचे तर हप्ता साधारण ११,६०० चा बसेल. व्याज न भरता साचू दिलं तर तेच कर्ज ९ लाख ४५ हजारांचं होतं आणि हप्ता जातो १५,७०० वर. नव्या नोकरीच्या पगारात हा चार हजारांचा फरक जाणवतो. कर्जाच्या व्याजावर आयकरात सूट आहे, पण फक्त जुन्या करप्रणालीत. त्यामुळे ती मी हिशोबात धरली नाही.

हाच निर्णय सगळ्या घरांना लागू होईल असं नाही. लाख-दीड लाखच कमी पडत असतील आणि वडिलांच्या निवृत्तीला पंधरा वर्षं बाकी असतील, तर मी फंडातूनच काढायला सांगेन. तेवढी भर पुढे घालता येते. आणि ज्या कॉलेजातून बाहेर पडून मुलांना नोकऱ्याच लागत नाहीत, त्याच्या फीसाठी कर्जही नको आणि फंडही नको.

कर्ज काढणार असाल तर प्रवेशपत्र आणि कॉलेजचं फीपत्रक हातात आलं की लगेच बँकेत जा. सोबत मार्कशीट आणि वडिलांची आयकर विवरणपत्रं न्या. मंजुरीला दिवस लागतात, कॉलेजची फीची तारीख मात्र थांबत नाही. तारीख हुकायची भीती वाटली की माणूस घाईघाईने फंडाचा अर्ज भरून मोकळा होतो.