गळतीची तारीख

घरमालकाला लिहिलेल्या तक्रारीच्या पत्रात बहुधा तीन गोष्टी कालवलेल्या असतात: घरात काय बिघडले आहे, त्याचा किती मनस्ताप झाला आणि मालकाने पूर्वी काय कबूल केले होते. दुरुस्तीला उपयोगी पडते ती पहिली गोष्ट, आणि नेमकी तीच पानभर विखुरलेली असते. पुण्यातल्या एका पेठेत प्रस्तुत लेखकाच्या शेजारी राहणाऱ्या जुन्या बिऱ्हाडाचे पत्र याच जातीचे होते. त्यातले एक वाक्य असे: ‘अण्णा, गेल्या पावसाळ्यापासून सांगतोय, स्वयंपाकघराचं छत पार गेलंय, वरच्यांची मोरी आमच्या ओट्यावर गळते, हिला परवा बटण दाबताना शॉक बसला, तुम्ही त्यांना काही बोलत नाही, आता तरी लक्ष घाला.’

या वाक्यात दोन बिघाड, एक तर्क, एक आरोप आणि एक मोघम विनंती आहे. अशा पत्रातून दुरुस्तीची यादी करताना आरोप आणि विनंती गळतात. बिघाड वेगळे करायची सोपी कसोटी म्हणजे ज्या कामाला वेगळा कारागीर लागतो, त्याची नोंद वेगळी. छताला गवंडी लागतो, शॉकला वायरमन.

राहिला तर्क. पाणी वरच्या मोरीतूनच येते हे बिऱ्हाडाला ठाऊक नव्हते, वाटत होते. ते पडताळता येते. पाऊस नसलेल्या दिवशी छतावरच्या ओलीच्या कडेने पेन्सिलची रेघ ओढून शेजारी तारीख घातली. वरच्यांच्या संमतीने मोरीचे भोक बोळ्याने बंद करून दोन बोटे पाणी रात्रभर कोंडले आणि त्यांच्या नळाचा कॉकही बंद ठेवला. तो उघडा राहिला असता तर भिंतीतल्या पाइपची गळती आणि फरशीची गळती यांत फरक कळला नसता. सकाळी ओल रेघेबाहेर गेलेली होती, म्हणजे फरशीचे सांधे संशयित ठरले. ओल हलली नसती तर संशय पाइपकडे वळला असता, आणि मग यादीत उपाय न सुचवता फक्त तपासणी मागणे योग्य झाले असते.

तारखा जुळवणे हे खरे किचकट काम. ‘गेल्या पावसाळ्यापासून’ याला घरमालक काहीही उत्तर देऊ शकतो. बिऱ्हाडातल्या मुलीच्या मोबाइलमध्ये डागाचा फोटो 22 जुलै 2023 चा निघाला, आणि त्याच संध्याकाळी अण्णांना केलेला मेसेजही. ओल त्याआधीची असणार. पण आठवणीतून तारीख पाडण्यापेक्षा पुराव्याची तारीख बरी. नोंद अशी झाली:

‘स्वयंपाकघर, ओट्यावरचे छत. 22 जुलै 2023 रोजी ओल (फोटो जोडला आहे). त्याच दिवशी मेसेजने कळवले. 9 जून 2024 रोजी डाग सुमारे दीड फूट रुंद, प्लास्टर फुगलेले, ओट्यावर थेंब. हवी ती दुरुस्ती: वरच्या मोरीतल्या फरशीचे सांधे उकरून वॉटरप्रूफिंग, छत वाळल्यावर सैल प्लास्टर काढून नवे करणे.’

दुरुस्तीचा क्रमही लिहावा लागतो. नाहीतर ओल्या छतावर आधी चुन्याचा हात फिरतो आणि महिन्याभरात पापुद्रे सुटतात.

स्विचबोर्डची नोंद तारखेने नंतरची असूनही सर्वांत वर घेतली, कारण तिथे जिवाला धोका होता. बोर्ड कधीपासून बंद ठेवला आहे, ओली वायर व बोर्ड बदलून अर्थिंग तपासून हवे आहे, आणि हे काम तातडीने हवे, असे तिथे लिहिले. सगळे स्वयंपाकघर रंगवून मिळावे ही मागणी मात्र काढली. अशी एक हौस यादीत शिरली की मालकाला सगळीच यादी फुगवलेली म्हणायला जागा मिळते.

तारखेला कायद्यातही किंमत आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 प्रमाणे, उलट करार नसेल तर, जागा राहण्याजोगी ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. नोटीस पोचल्यापासून 15 दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. म्हणून स्थळप्रतीवर अण्णांची सही व तारीख घेतली. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याने मात्र या कलमावर विसंबून भाडे कापू नये. त्याने आधी करारातले दुरुस्तीचे कलम वाचावे.

अण्णांनी वायरमन लगेच पाठवला. सांधे पावसाला उघडीप मिळाल्यावर भरले गेले, आणि पाणी कोंडून ओल रेघेच्या आत राहते हे पाहूनच प्लास्टर दिवाळीनंतर झाले.