सरांच्या व्हिडिओची वही

सरांची जन्मतारीख १ जून. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी मास्तरांची हीच तारीख आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी मांडली ती जन्मतारीख. आणि १ तारखेला जन्मलेला माणूस आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम. १ जून १९६७ चा जन्म, ५८ वर्षं पुरी, सेवानिवृत्ती ३१ मे २०२५. म्हणजे ऐन उन्हाळी सुट्टीत. शाळेला कुलूप आणि पोरं मामाच्या गावी. सरांसमोर निरोपाला वर्ग बसलेला नसणार, म्हणून आम्ही जुन्या पोरांनी व्हिडिओ करायचं ठरवलं. संहिता माझ्याकडे आली.

*

सतरा वर्षं औसा तालुक्यात, मग आंतरजिल्हा बदलीनं नांदेडकडे, लोहा तालुक्यात. या बदलीत सेवाज्येष्ठता जाते, नव्या जिल्ह्यात यादीच्या तळाशी नाव लागतं. सरांनी ते पत्करलं, कारण म्हातारी आई तिकडे होती. आम्ही लातूरवाले सर गेल्यावर संपलो आणि नांदेडवाल्यांचे सर तिथून सुरू झाले. दोन्ही गट एकमेकांना ओळखत नाहीत. व्हिडिओ जोडायचा तो इथे.

*

पहिला निरोप चुकीचा पाठवला. 'सरांबद्दल दोन शब्द बोला.' एकोणीस क्लिप आल्या. आदरणीय, प्रेरणास्थान, दीपस्तंभ. सगळ्यांनी मनापासून बोललेलं, पण डोळे मिटून ऐकलं तर कोणत्या शाळेचे कोण सर ते कळत नाही.

दुसऱ्यांदा असं लिहिलं: 'सरांच्या हातातली किंवा खिशातली एक वस्तू आठवा. तिचं सर काय करायचे तेवढंच सांगा. पंधरा सेकंद. शेवटी गाव आणि सातवीचं वर्ष.'

आता सायकलच्या कॅरिअरला बांधलेला गुंडाळीचा नकाशा आला. रुळाच्या तुकड्याची घंटा आली. आणि ब्लेड आलं.

*

ब्लेड: सर शर्टाच्या खिशात अर्धं ब्लेड ठेवायचे, वहीच्या कागदात गुंडाळून. कुणाची पेन्सिल मोडली की शिकवता शिकवता बाकाशी यायचे, कागद उलगडायचा, चार फटक्यांत टोक काढायचं, भुसा तळहातावर घेऊन खिडकीबाहेर फुंकायचा. बोलणं थांबायचं नाही.

हे सहा जणांनी सांगितलं. चार औशाकडचे, दोन लोह्याकडचे. सातवी १९९२ पासून सातवी २०१६ पर्यंत. कुणी कुणाचं ऐकलेलं नाही.

दोन जिल्ह्यांना जोडणारा धागा सापडला. निवेदनाची गरजच कमी झाली.

*

हिशेब. बोलताना दहा सेकंदांत वीस-बावीस शब्द बसतात. एकूण ६१ निरोप आले, त्यातले २४ घेतले. २३ जणांना सरासरी दहा सेकंद, एकाला पन्नास. निवेदन आणि फोटो धरून सात मिनिटांच्या आत. त्याच्या आधी सत्कार आणि भाषणं आहेत, त्यापेक्षा लांबवलं तर मागच्या रांगा उठतात.

'नमस्कार, मी अमुक' हे प्रत्येकाचं कापलं. गाव आणि वर्ष खालच्या पट्टीवर. पण वाक्य कुणाचंही मी लिहून दिलं नाही. लिहून दिलेलं वाक्य माणूस वाचतो, आणि वाचताना नजर खाली जाते.

*

लातूर आगारातला एक चालक. पहिल्या क्लिपमध्ये: 'सरांच्या मार्गदर्शनामुळे मी आज महामंडळात कार्यरत आहे.' मग फोन बंद झाला असं समजून: 'सर, तुमी सांगितलेलं करूलालो बगा. गाडीत बसायच्या आदी चारी बाजूनी फिरून बघूलालो.'

त्याला विचारून दुसरं घेतलं. तो म्हणाला, गावंढळ वाटंल. मी म्हणालो, सरांनी तुला याच बोलीत वाचायला शिकवलं.

*

चौघांनी छडीचं सांगितलं. मार खाल्ला म्हणून घडलो, असं. बराच विचार केला. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्यात शाळेत मारायला बंदी आहे, आणि समोर आजची पोरंही बसणार. त्यांनी ते कौतुक म्हणून ऐकू नये. एकात मारल्यावर सर संध्याकाळी घरी आले, एवढाच तुकडा ठेवता आला असता. पण अर्धं कापून ठेवलं तर ते खोटं. चारही बाहेर.

*

पन्नास सेकंदांची क्लिप. सातवी १९९४. बाई आता पुण्यात असतात.

३० सप्टेंबर १९९३. किल्लारीचा भूकंप, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. गणपती बुडवून लोक झोपले होते. पुढे शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरली. त्या सांगतात, 'पहिल्या दिवशी सरांनी जुनाच हजेरीपट उघडला. सगळी नावं घेतली. जे नव्हते त्यांचीही. त्या नावाला थांबायचे, आम्ही कुणीच काही बोलायचो नाही, मग पुढचं नाव. शेवटी पट मिटला आणि म्हणाले, आता पाटी काढा.'

संहितेत हे तिसऱ्या मिनिटाला ठेवलं. शेवटी ठेवलं असतं तर सगळा व्हिडिओ भूकंपाचा झाला असता, आणि सरांची पुढची एकतीस वर्षं त्याखाली दबली असती. खाली संगीत नाही. बाईंना अगोदर दाखवून विचारलं. गेलेल्या मुलांचे फोटो घालू नका म्हणाल्या, त्यांच्या घरचे सभागृहात असतील. घातले नाहीत.

पानावर असं आहे:

दृश्य: बाईंचा चेहरा. शेवटी त्या खाली बघतात.
आवाज: '...आता पाटी काढा.'
दृश्य: काळा पडदा, चार सेकंद. आवाज नाही.
दृश्य: एसटीचा चालक, गाडीला फेरी मारताना.
आवाज: 'सर, तुमी सांगितलेलं करूलालो बगा.'

*

एक मुलगी विष्णुपुरीला विद्यापीठाच्या कमानीखाली उभी राहून बोललीय. मागे नाव दिसतं, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. स्वामीजी स्वतः हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक होते. पट्टीवर काही लिहिलं नाही. तिची चौकट मात्र छाटायची नाही, नाव पूर्ण दिसू द्यायचं.

*

संकलन करणाऱ्या मित्रासाठी:

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ नेहमीसारखा पाठवला की तो दाबला जातो, मोठ्या पडद्यावर चेहरे पुसट होतात. सगळ्यांना 'डॉक्युमेंट' म्हणून पुन्हा पाठवायला सांग. फोन आडवा धरून. पंखा बंद करून, कारण पंख्याची घरघर नंतर निघत नाही, काढायला गेलं तर आवाजच पत्र्यासारखा होतो.

मंगल कार्यालयाला पूर्वेकडून खिडक्या आहेत. सकाळी अकराला प्रोजेक्टर फिका दिसेल. आदल्या दिवशी त्याच वेळेला जाऊन बघायचं.

नावं आणि वर्षं दोघांनी वेगवेगळी तपासायची. आपलं नाव चुकलेलं माणूस आयुष्यभर विसरत नाही.

*

काकूंना गुपचूप फोन केला. सरांच्या खिशात अजून ब्लेड असतं का? म्हणाल्या, असतं की, धुण्याच्या आधी रोज काढून ठेवावं लागतं. एक कागदासकट मागून घेतलं.

पहिलं दृश्य तेच. तळहात, कागदाची घडी, ती उलगडते.

*

कापलेल्या ३७ जणांचं काय, हा प्रश्न तीन दिवस सुटत नव्हता. काल सुटला. सगळे ६१ निरोप, न कापता, वर्षवार लावून एका पेन ड्राइव्हमध्ये घातले आहेत. छडीचे चारही त्यात आहेत. सभागृहात लागणार नाहीत. कार्यक्रम झाल्यावर तो काकूंच्या हातात द्यायचा आहे.