अम्मीसमोरची इंग्रजी

आमच्या घरात दखनी बोलतात, नगरच्या बाजारात मराठी आणि मुलांच्या शाळेत इंग्रजी. गेल्या ईदला दस्तरखानावर शीरखुर्म्याची वाटी कलंडली आणि आमच्या पुतण्याच्या तोंडून निघालं, ‘शिट!’ अम्मींनी विचारलं, “क्या बोल्या रे?” आम्ही घाईने म्हणालो, “कुछ नहीं अम्मी, अरेरे बोल्या.”

त्या शब्दाचा अर्थ गू. तोच शब्द दखनीत त्याने दस्तरखानावर उच्चारला असता तर आमचाच हात उठला असता. इंग्रजीत मात्र आम्ही त्याचे वकील झालो.

आम्हांला वाटायचं, अम्मींना इंग्रजी कळत नाही म्हणून हे चालतं. पण मग आमचं लहानपण आठवलं. उर्दू शाळेत शिकणारी आम्ही पोरं चिडलो की घरात मराठीतून ‘मेल्या, मुडद्या’ म्हणायचो. अब्बांचा सगळा जन्म आठवडी बाजारात गेला. त्यांना मराठी आमच्याहून चांगली कळायची. तरी ते शब्द तोंडाला हलके वाटत. म्हणजे आडोसा त्यांच्या कानांत नव्हता, आमच्या मनात होता.

2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच दिसलं. तुर्की मातृभाषा असलेल्या आणि लहानपण सरल्यावर इंग्रजी शिकलेल्या 32 जणांच्या बोटांना तारा लावून, शब्द ऐकताना-वाचताना त्वचेवर किती घाम येतो ते मोजलं. शिव्यांचा परिणाम इंग्रजीतही झाला, पण तुर्कीत जास्त. सर्वांत मोठा फरक पडला तो ‘लाज नाही वाटत?’ अशा, लहानपणी मुलांना रागावतानाच्या शब्दांत. तुर्कीत ते ऐकताच अंग जागं व्हायचं. इंग्रजीत फारसं नाही.

कारण उघड आहे. दखनीतला प्रत्येक वाईट शब्द आम्ही अम्मीच्या वटारलेल्या डोळ्यांसकट शिकलो. इंग्रजी वर्गात, पुस्तकातून शिकलो. त्या भाषेत कुणी आमचा कान पिळला नाही. म्हणून तिथे जीभ घाबरत नाही.

पण ऐकणाऱ्याचं काय? महिन्याभराने पाहुण्यांसमोर अम्मींच्या हातून चहा सांडला आणि त्या सहज म्हणाल्या, “शिट!” पाहुण्यांची कॉलेजातली मुलगी खाली मान घालून हसली. रात्री अम्मींनी अर्थ विचारला. या वेळी खरा सांगावा लागला. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “तुम मेरे सामने बोले, मैं सबके सामने बोली. शरम किसकू आनी चाहिए?”

आम्ही मास्तर असून उत्तर देता आलं नाही. आता पुतण्याच्या तोंडून तो शब्द निघाला की आम्ही एवढंच म्हणतो, “हेच दादीला दखनीत सांग.” तो लाजतो आणि गप्प होतो.